चुकीचा रेनकोट : वळवात सापडलेल्या डिलिव्हरीवाल्याची कथा कशी लिहावी

डिलिव्हरीवाला पावसात भिजला, एवढ्यावर कथा होत नाही. तो कुठून भिजला, हे सांगता आलं की होते. पाणी आधी मानेतून शिरलं की मनगटातून, पोटावर साचलं की बुटात उतरलं, यावर तो पुढच्या पाच मिनिटांत काय करणार हे ठरतं. या विषयावरच्या बहुतेक कथा पहिल्या पानावर 'धो धो पाऊस' म्हणून मोकळ्या होतात आणि पुढं नायकाच्या गरिबीवर बोलत राहतात. मग पाऊस फक्त पडद्यासारखा मागं पडत राहतो. खाली एक कथा साताऱ्यात उभी करून दाखवतो, पायरीपायरीने. तुमची कथा वेगळी असेल, पण क्रम हाच ठेवा : आधी पाऊस, मग सामान, मग पार्सल, मग रस्ता. माणूस त्यातूनच दिसायला लागतो.

पहिली पायरी : पाऊस नेमका कोणता ते ठरवा

साताऱ्यात जुलैमध्ये पाऊस पडला तर कुणी 'सापडत' नाही. डिकीत रेनकोट असतो, मोबाईलला पिशवी असते, बॅगेवर कव्हर चढलेलं असतं. अचानकपणा हवा असेल तर मे महिन्यातला वळीव घ्या. मोसमी पाऊस इथं साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. त्याआधी रेनकोट माळ्यावर असतात आणि हॉटेलातली मुलंही पार्सलला दोन पिशव्या लावायच्या विसरलेली असतात.

वळवाचे गुण कथेला फार उपयोगी आहेत, म्हणून ते नीट माहीत हवेत. दुपारभर ऊन तापतं, चार-साडेचारला ढग उभा चढत जातो, मग गार वारा सुटतो आणि त्याच्याबरोबर धूळ येते. थेंब नंतर येतात, मोठे आणि विरळ, आणि मग एकदम धार लागते. पारा बघता बघता आठ-दहा अंशांनी उतरू शकतो, त्यामुळे घामाने ओला असलेला माणूस त्याच शर्टात कुडकुडायला लागतो. गाराही पडू शकतात, पण त्या कथेत आणू नका. गारा आल्या की वाचक त्याच लक्षात ठेवतो.

हा पाऊस साधारण अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, म्हणजे तुमच्या कथेलाही तेवढाच वेळ मिळतो. आणि तो तुकड्यातुकड्याने पडतो. पोवई नाक्यावर गुडघ्याएवढ्या उड्या मारणारं पाणी आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला कोरडी धूळ, असं सर्रास होतं. हे शेवटासाठी राखून ठेवा.

जाता जाता एक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, सातारा शहरात हजारच्या आसपास. बाहेरचे लेखक साताऱ्याचं नाव आलं की महाबळेश्वरचं धुकं आणून सोडतात. पोवई नाक्यावर धुकं दाखवलंत तर सातारकर तिथंच वाचन थांबवेल.

दुसरी पायरी : चूक एकच ठेवा, पण ती अंगावर बसलेली असू द्या

'त्याच्याकडे रेनकोट नव्हता' ही कमकुवत सुरुवात आहे. नसलेल्या वस्तूशी माणूस झटापट करू शकत नाही. वस्तू हवी, पण चुकीची हवी.

पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येकाची कथा वेगळी होते. नुसतं विंडचीटर असेल तर पहिली काही मिनिटं ते साथ देतं, मग खांद्याच्या शिवणीतून आणि चेनमधून पाणी आत येतं. ही कथा फसवणुकीची होते. पातळ प्लास्टिकचा झगा असेल तर तो वाऱ्याने फुगतो, मागच्या चाकाकडे ओढला जातो, आणि कथा अपघाताकडे झुकते. हेल्मेटची काच काळी असेल तर साडेचारला अंधारून आल्यावर काच खाली केली तर दिसत नाही आणि वर केली तर थेंब डोळ्यांत टोचतात. ही कथा वेगाची होते, कारण तो पंधरा-वीसच्या वर जाऊच शकत नाही.

आपण आपल्या कथेत तोकडा रेनकोट घेऊ. अमोल तिशीच्या आतला, अंगाने भरलेला. सकाळी तो निघताना आई आभाळाकडे बघून म्हणते, "आज येणार बघ. डिकीत टाकलाय रेनकोट." तिने माळ्यावरून निळी गुंडाळी काढून ठेवलेली असते. घरात निळ्या गुंडाळ्या दोन आहेत, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. दुसरी नववीतल्या भावाची. कुणी हलगर्जी केली नाही, उलट काळजीच केली. म्हणून अमोलला नंतर कुणावर चिडता येत नाही, आणि हे त्याच्यासाठी पावसापेक्षा अवघड आहे.

आता हा रेनकोट नेमका कुठं दगा देतो ते शोधा. यासाठी घरातल्या लहान मुलाचा रेनकोट चढवा आणि गाडीवर बसा. उभं असताना तोकडा कोट 'चालेल' असंच वाटतं. बसून हात हँडलवर ठेवले की सगळं उघडं पडतं. बाह्या मनगटावरून सरकत कोपराकडे जातात. पाठीचा काठ वर चढतो आणि कमरेला दोन बोटांची फट पडते. छातीवर चेन ओढली जाते आणि मधेच अडते. पुढं वाकल्यामुळे मांड्यांच्या खोबणीत कोटाची घडी पडते आणि छातीवरून ओघळणारं सगळं पाणी तिथं साचतं. दुचाकीवर पावसात बसलेल्या कुणालाही हे साचलेलं पाणी माहीत असतं, पण कथांमध्ये ते क्वचित दिसतं.

टोपीचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. टोपी हेल्मेटच्या आत घालायची असते. लहान मुलाची टोपी मोठ्या डोक्यावर बसत नाही, म्हणून ती पाठीवर लोंबते आणि तांब्यासारखी भरत जाते. अमोल कुठं तरी वाकेल तेव्हा ते पाणी ओतलं जाईल. कुठं, हे पुढं ठरवू.

तिसरी पायरी : पार्सल असं निवडा की अर्धंच बिघडेल

वाढदिवसाचा केक टाळा. केक पूर्ण बिघडतो, आणि केकच्या मागून रडणारं लहान मूल येतं, मग कथा तुमच्या हातातून जाते. औषधंही टाळा, कारण मग उशीर झाला तर कुणी तरी दगावलं पाहिजे असा दबाव येतो.

मिसळ घ्या. उसळ आणि तर्री झाकण घट्ट लावलेल्या डब्यांत असतात, त्यांना काही होत नाही. फरसाण पातळ पिशवीत, पाव कागदात. बॅगेच्या चेनमधून पाणी झिरपलं की फरसाण मऊ पडतं आणि पाव खालच्या बाजूने ओला होतो. म्हणजे ऑर्डर पोहोचली की नाही पोहोचली, याचं उत्तर अर्धवट राहतं आणि दारातल्या संवादाला विषय मिळतो. शिवाय पाऊस आला की मिसळीची आठवण होते, तेव्हा ऑर्डरीही त्याच वेळी वाढतात. ज्या ढगाने अमोलला अडचणीत टाकलं त्याच ढगाने त्याचं काम वाढवलं, हे कुठंही वेगळं सांगायची गरज पडत नाही.

डिलिव्हरीच्या बॅगेला आतून चंदेरी अस्तर असतं ते उष्णता धरून ठेवायला, पाणी अडवायला नाही. शिवण आणि चेन या दोन जागांतून पाणी आत येतं. वरचं पावसाळी कव्हर वेगळं असतं, आणि मेमध्ये ते घरी असतं.

चौथी पायरी : रस्ता आणि मिनिटं जुळवा

पोवई नाक्यावरून निघायचं, खालच्या रस्त्याने राजवाड्याकडे, तिथून पुढं समर्थ मंदिराच्या बाजूला चढ. अंतर थोडंच आहे, कोरड्यात दहा-बारा मिनिटांचं. एकेरी वाहतूक कुठं आहे ते लिहिण्याआधी सातारकराला विचारून घ्या.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसलेलं आहे. पूर्व-पश्चिम जाणारे मोठे रस्ते उताराला आडवे आहेत आणि त्यांना जोडणारे बोळ उताराबरोबर खाली येतात. म्हणून जोराच्या पावसात खालच्या रस्त्याने जाणाऱ्याला पाणी पुढून किंवा मागून भेटत नाही, एका बाजूच्या बोळांतून आडवं येतं. पश्चिमेकडे जाताना किल्ला डाव्या हाताला, म्हणजे पाणीही डावीकडूनच येणार. हा एक तपशील बरोबर आला की 'पाण्याचे लोट वाहत होते' असं लिहायची वेळ येत नाही.

आता पावसाची मिनिटं. पहिल्या थोड्या वेळात रस्ता सगळ्यात घसरडा असतो, कारण उन्हाळाभराची धूळ आणि गाड्यांचं ऑइल ओलं होऊन वर येतं. नंतर जोराच्या धारेने ते वाहून जातं. तेव्हा गाडी घसरवायचीच असेल तर सुरुवातीलाच घसरवा, पांढऱ्या पट्ट्यावर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर. शेवटी शेवटी घसरवलीत तर ती लेखकाने ढकलली असं वाटतं. मधल्या वेळात ब्रेक घ्या. डबक्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक ओले होऊन नीट धरत नाहीत. जाणता चालक पुढं थोडा वेळ ब्रेक हलकेच दाबत नेतो, म्हणजे घासून कोरडे होतात. अमोलला हे येतं असं दाखवा. त्याचं सामान चुकीचं आहे, तो अडाणी नाही. हा फरक पुसला गेला की कथा कीव मागायला लागते.

आणि वेग. गाडी पळत असताना पाऊस छातीवर आणि हातांवर येतो, थांबली की डोक्यावरून मानेत उतरतो. म्हणजे चालत्या गाडीवर त्याच्या उघड्या मनगटांचे हाल, आणि चौकात अडकला की कॉलर. या दोन भिजण्यांत त्याला सतत निवड करावी लागते, आणि ती निवड वाचकाला दिसली पाहिजे.

पाचवी पायरी : मधला प्रसंग लिहा

आधी मधला प्रसंग लिहा, सुरुवात नंतर. मध्य म्हणजे तो रेनकोट अंगावरून काढतो ती जागा. अमोल राजवाड्याच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली थांबतो. मसुदा असा होऊ शकेल :

*पत्र्याखाली आधीच चौघं होते. अमोलने गाडी स्टँडला लावली आणि बॅग बघायला वाकला, तशी पाठीवरची टोपी उलटी झाली आणि सगळं पाणी बॅगेच्या चेनवर ओतलं गेलं.*

*"अगा गा," शेजारचा म्हातारा म्हणाला, "वरनं कमी पडत हुतं व्हय?"*

*अमोल काही बोलला नाही. चेन उघडून त्याने हात आत घातला. डबे गरम होते. पावाचा कागद एका कोपऱ्याला मऊ लागला. त्याने चेन लावली आणि रेनकोटची चेन खाली ओढली. ती मधेच अडकली होती, तिथंच. त्याने डोक्यावरूनच ओढून काढला.*

*"कुणाचा ह्यो?"*

*"भावाचा."*

*"मग त्यो काय घालणार?"*

*"माझा," अमोल म्हणाला.*

बघा, टोपीचं पाणी इथं वापरलं. पावसाने जे केलं नाही ते रेनकोटनेच केलं. यानंतर अमोल रेनकोट बॅगेला गुंडाळतो. ही कल्पना कुणालाही सुचेल, त्याच्या अंगाला न होणारा कोट बॅगेला मापात बसणार. म्हणूनच ती फुकट देऊ नका, तिची किंमत लगेच वसूल करा. बाह्या लोंबतात. गाडी निघाल्यावर वाऱ्याने एक बाही मागच्या चाकाशी फडफडायला लागते. मागून येणारा कुणी तरी ओरडतो, "ओ दादा, बाही! बाही बघा!" त्याला भर पावसात पुन्हा थांबावं लागतं, बाह्यांची गाठ मारावी लागते, आणि ओल्या बोटांनी रबराच्या अस्तराची गाठ बसत नाही. शिवाय कोटाने बॅगेवरची चमकती पट्टी झाकली गेली, त्यामुळे अंधारलेल्या रस्त्यावर तो मागच्यांना कमी दिसतो. हे वाचकाला सांगा, अमोलच्या लक्षात आणून देऊ नका.

आईचा फोन याच भागात यावा, शेवटी नको. शेवटी आला की डोळे पुसावे लागतात. इथं आला तर तो नुसता एक अडथळा असतो. पत्र्याखाली असताना फोन वाजतो, आई विचारते, "घातलास का रं रेनकोट?" तो बॅगेकडे बघून म्हणतो, "व्हय, घातलाय." आणि फोन ठेवतो, कारण ऑर्डरची वेळ लाल झालेली असते. तिथं एकही वाक्य जास्त लिहू नका.

सहावी पायरी : फोनला पात्र म्हणून वागवा

रेनकोटनंतर या कथेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मोबाईल आहे आणि लेखक त्याला नेहमी विसरतात. ओल्या काचेला बोट आणि पाण्याचा थेंब यांतला फरक नीट कळत नाही. थेंब पडला की नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, भलत्याच गल्लीत जातो. उलट ओलं बोट कितीही फिरवलं तरी 'पोहोचलो'ची पट्टी सरकत नाही. शर्टाला पुसावं तर शर्ट ओला. पातळ पारदर्शक पिशवीत घातला तर वरून बोट चालतं, पण पिशवीवर पाणी साचलं की पुन्हा तेच, आणि आतून वाफ धरते. चार्जिंगच्या भोकात ओल शिरली तर बरेच फोन चार्ज व्हायला नकार देतात.

म्हणजे अमोल दारात उभा आहे, पार्सल ग्राहकाच्या हातात दिलंय, आणि काम मात्र पूर्ण होत नाहीये, कारण पट्टी सरकत नाही. डिलिव्हरीवाल्याच्या भिजण्याचा सगळा त्रास एवढ्याशा जागेत गोळा करता येतो. दारातला प्रसंग यावर उभा करा.

सातवी पायरी : शेवट कोरडा ठेवा

वळीव तुकड्यातुकड्याने पडतो, हे आपण राखून ठेवलं होतं. अमोल चढ चढून समर्थ मंदिराच्या बाजूला पोहोचतो तेव्हा तिथं ऊन आहे. तिथं पाऊस झालेलाच नाही. अंगणात पापड वाळत घातलेत. दार उघडणाऱ्या काकूंना समोर निथळणारा माणूस दिसतो, आणि त्याच्यामागे बॅगेला बांधलेला लहान मुलाचा रेनकोट.

*"अहो, हे काय? पडलात का कुठं?"*

*"पाऊस लागला, काकू."*

*काकूंनी त्याच्यावरून नजर काढून आभाळाकडे बघितलं. "पाऊस? कुठं?"*

*"नाक्यावर."*

*त्यांनी पिशवी घेतली, बाहेरूनच चाचपली. "पाव ओला लागतोय की हो."*

इथं काकूंना दुष्ट करू नका. त्यांना खरंच कळत नाहीये. कोरड्या अंगणातून ओला पाव कसा दिसतो, एवढंच त्यांच्या वाक्यात आहे. आणि त्यांना देवमाणूसही करू नका, चहा देऊ नका, टॉवेलही नको. फार तर अमोलने "एखादं कोरडं फडकं मिळंल का? फोन पुसायला" असं विचारावं. काकूंनी पापडांवर पांघरायला ठेवलेला पंचा पुढं करावा. तो आधी फोन पुसतो, मग बोट, आणि पट्टी सरकते. लगेच पुढची ऑर्डर वाजते, पोवई नाक्यावरूनच. तिकडं आभाळ अजून काळं आहे.

यावर तो काय करतो? त्याने ऑर्डर घेतली की नाही हे सांगायचं टाळू नका, अर्धवट सोडलेला शेवट इथं पळवाट वाटतो. तो घेतो. घेतल्यावर गाडी सुरू करण्याआधी तो बॅगेपाशी जातो आणि कोरड्या बोटांनी बाह्यांची गाठ सोडून नीट दुहेरी मारतो. कथा तिथं थांबते. त्यानंतरचा परिच्छेद तुम्ही लिहिला असेलच. त्यात बहुधा 'आयुष्य', 'संघर्ष' किंवा 'पाऊस आणि अश्रू' यांपैकी काहीतरी असेल. तो काढून टाका.

आठवी पायरी : रायडरकडून तपासून घ्या

कथा हजार-बाराशे शब्दांत बसली पाहिजे, वळीव त्याहून लांबत नाही. मग ती एखाद्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला वाचून दाखवा. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान हॉटेलांच्या बाहेर गाड्यांवर बसलेले असतात, चहा पाजा. 'कशी वाटली' हे विचारू नका, छान म्हणेल. विचारा की यातलं खोटं काय आहे. पत्र्याखाली थांबल्यावर तू बॅग गाडीवर ठेवशील की उतरवशील? ऑर्डर लाल झाल्यावर आईचा फोन उचलशील का? पहिल्या प्रश्नावर तो हसून तुमचा अर्धा प्रसंग बदलेल. दुसऱ्यावर तो थोडा थांबला, तर ते संभाषण आणखी एका ओळीने कमी करा.